'बुरशीला औषधाची सवय झाली' : नैसर्गिक निवडीच्या उत्तरात मार्क कुठे जातात

निफाडकडून क्लासला येणाऱ्या एका मुलीचं उत्तर माझ्या टेबलावर बरेच दिवस पडून होतं. प्रश्न होता, द्राक्षावरच्या डावणीला एखादं औषध काही वर्षांनी लागू का पडेनासं होतं. तिने लिहिलं होतं: 'एकच औषध वारंवार फवारल्यामुळे बुरशीला त्या औषधाची सवय झाली. जगण्यासाठी तिने स्वतःमध्ये बदल केला व प्रतिकारशक्ती निर्माण केली. हा गुण पुढच्या पिढीत गेला. यालाच अनुकूलन म्हणतात.'

चार वाक्यं, चार मार्कांचा प्रश्न. मी एक मार्क दिला, तिसऱ्या वाक्याला. ती म्हणाली, "सर, पण आमचे बाबा असंच म्हणतात." बाबा म्हणतात ते बागेच्या बांधावर बरोबरच आहे. औषधाचा रिझल्ट गेला, औषध बदला, एवढंच त्यांना सांगायचं असतं. परीक्षेत मात्र प्रश्न वेगळा असतो: रिझल्ट नेमका *कशामुळे* गेला? तिथे 'सवय' हा शब्द लिहिला की उत्तर डार्विनकडून उठून लॅमार्ककडे जाऊन बसतं. दहावीच्या धड्यात लॅमार्कचा जिराफ सगळ्यांना चुकीचा म्हणून पाठ असतो. मान ताणून लांब होत नाही, हे सगळे लिहितात. आणि पान उलटलं की तेच विद्यार्थी बुरशीला मान ताणायला लावतात.

हा लेख पहिल्यांदाच उत्क्रांती शिकणाऱ्यांसाठी आहे. डावणीचं एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो, कारण आपल्याकडे ते दारात आहे आणि त्यातली रसायनाची बाजूही नीट कळलेली आहे.

आधी गोष्ट काय घडते ते समजून घ्या

डावणी म्हणजे केवडा रोग. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला की कोवळ्या पानावर वरून तेलकट डाग दिसतात आणि पान उलटं केलं की खाली पांढरी लव. ती लव म्हणजे बीजाणूंची फौज. ओल्या हवेत एका डागावरून पुढचे डाग काही दिवसांत तयार होतात, म्हणून एका हंगामात या जीवाच्या कितीतरी पिढ्या होऊन जातात. (बागेत आपण तिला बुरशी म्हणतो, पण वर्गीकरणात ती खरी बुरशी नाही, तिच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज असतं. या लेखात बुरशीच म्हणू, गोष्ट त्याने बदलत नाही.)

१९९६ च्या सुमारास ॲझॉक्सिस्ट्रॉबिन नावाचं औषध बाजारात आलं. ते बुरशीच्या तंतुकणिकेतल्या सायटोक्रोम बी नावाच्या प्रथिनाला एका विशिष्ट खाचेत जाऊन चिकटतं. ऊर्जा तयार होणं थांबतं आणि बीजाणू रुजत नाही. आता या प्रथिनाच्या साखळीतला १४३ वा दुवा पाहा. तिथे ग्लायसीन असतं. डीएनएतलं एक अक्षर बदललं की त्या जागी ॲलॅनिन येतं. ॲलॅनिन थोडं मोठं, त्यामुळे औषधाला खाचेत बसायला जागा उरत नाही. प्रथिनाचं स्वतःचं काम मात्र चालू राहतं. औषध आल्यावर चार-पाच वर्षांतच युरोपातल्या द्राक्षबागांत असा बदल असलेली डावणी आढळली, आणि पुढे भारतातल्या बागांतही.

अक्षर बदलणं ही नक्कल करतानाची चूक आहे, यालाच उत्परिवर्तन म्हणतात. डीएनएची प्रत काढताना अशा चुका क्वचित होतातच, औषध फवारलेलं असो वा नसो. बीजाणूंची संख्या अफाट असली की क्वचित होणारी चूकही कुठेतरी होऊन बसलेली असते.

पायरी पहिली : फरक आधी होता, हे पहिल्याच वाक्यात लिहा

उत्तराची सुरुवात औषधापासून करू नका. औषध येण्याआधीच्या बागेपासून करा. 'बुरशीच्या समूहात औषधाला दाद न देणारे काही थोडे जीव उत्परिवर्तनामुळे आधीपासूनच होते.' हे वाक्य आलं की 'सवय' आणि 'गरज' हे दोन्ही शब्द आपोआप उत्तराबाहेर राहतात, कारण जे आधीच होतं ते गरजेपोटी कसं तयार होईल?

'आधीपासून होते' हे कशावरून, असं एखादा हुशार मुलगा विचारतोच. त्याला १९५२ चा जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग यांचा प्रयोग सांगावा. त्यांनी एका बशीत जिवाणूंच्या वसाहती वाढवल्या. मग निर्जंतुक मखमलीचा तुकडा त्यावर अलगद दाबला आणि तोच तुकडा औषध घातलेल्या दुसऱ्या बशांवर दाबला. म्हणजे ठसा उमटवावा तशी मूळ बशीची प्रत निघाली. औषधाच्या बशांत मोजक्याच वसाहती वाढल्या, पण प्रत्येक प्रतीत *त्याच जागी*. औषध लागल्यावर बदल झाला असता तर प्रत्येक बशीत तो कुठेही झाला असता. मग त्यांनी मूळ बशीतल्या त्या जागेवरचे जिवाणू घेतले. त्यांनी औषध कधी पाहिलंही नव्हतं, तरी त्यांच्यातून औषधाला न जुमानणारे जिवाणू मिळाले. 'औषधामुळे बदल झाला' या समजुतीला याहून सोपं उत्तर मला माहीत नाही, आणि उत्तरपत्रिकेत ते चार ओळींत बसतं.

पायरी दुसरी : कोणाला किती संतती झाली, ते मोजा

इथे फिटनेस येतो. आपल्या भाषेत हा शब्द व्यायामशाळेतून आला आहे, आणि घोळ तिथेच होतो. 'सर्वांत बलवान तो टिकतो', 'बळी तो कान पिळी' असं मुलं बिनधास्त लिहितात. खेचर घ्या. घोडा आणि गाढव दोघांपेक्षा चिवट, ओझं वाहायला पक्कं. पण त्याला संतती होत नाही. उत्क्रांतीच्या हिशोबात त्याचा फिटनेस शून्य. फिटनेस म्हणजे एखाद्या प्रकारच्या जीवाने, त्या परिस्थितीत, पुढच्या पिढीत मागे ठेवलेल्या संततीचा हिशोब. ताकद, वेग, आयुष्य यांचा संबंध येतो तो संततीच्या संख्येवर परिणाम होतो तेवढ्यापुरताच. 'सक्षम तो टिकेल' हे वाक्यही मूळ डार्विनचं नव्हे. हर्बर्ट स्पेन्सरने १८६४ मध्ये ते वापरलं आणि डार्विनने १८६९ च्या आवृत्तीत घेतलं. ते लिहायचंच असेल तर पुढे लगेच 'म्हणजे जास्त संतती मागे ठेवणारा' असं जोडा.

आता बागेचा हिशोब करू. आकडे मी सोपे धरले आहेत, कोणत्याही बागेत मोजलेले नाहीत. समजा सुरुवातीला दर १,००,००० साध्या बीजाणूंमागे १ प्रतिकारक आहे. औषध फवारलं की साध्यांपैकी १०० मधले ५ वाचतात, प्रतिकारक सगळेच वाचतात. वाचलेल्यांची पुढची वाढ सारखीच. म्हणजे प्रत्येक फवारणीत प्रतिकारकांचा फिटनेस साध्यांच्या २० पट.

पहिल्या फवारणीनंतर प्रमाण १ ला ५,००० होतं. दुसरीनंतर १ ला २५०. तिसरीनंतर १ ला साडेबारा. चौथीनंतर उलटं होतं: १ साध्यामागे १.६ प्रतिकारक. शंभरात बासष्टच्या आसपास.

हेच आता बागायतदाराच्या नजरेतून पाहा. त्याला प्रमाण दिसत नाही, रोग किती कमी झाला तेवढंच दिसतं. पहिल्या फवारणीत ९५ टक्के बीजाणू मेले. दुसरीत ९५. तिसरीत साडेचौऱ्याण्णव, म्हणजे फरक डोळ्याला कळणारच नाही. चौथीत ८८, तेव्हा तो म्हणतो, पाण्याचं प्रमाण चुकलं असेल, नाहीतर नोझल तुंबलं असेल. पाचवीत जेमतेम ३७. आता तो दुकानदाराला फोन करून सांगतो, बुरशीला अचानक सवय झाली.

अचानक काहीच झालेलं नाही. निवड पहिल्या फवारणीपासून त्याच वेगाने, दर वेळी २० पटीने चालली होती. फक्त प्रतिकारक इतके थोडे होते की तीन फवारण्या त्यांची वाढ कुणाच्या लक्षात आली नाही. 'सवय' हा शब्द या न दिसलेल्या तीन फवारण्यांमधून जन्माला येतो. हा गुणाकार एकदा स्वतःच्या हाताने कागदावर करून बघा. व्याख्या पाठ करून जे कळत नाही ते इथे पाच ओळींत कळतं.

पायरी तिसरी : क्रियापदाचा कर्ता तपासा

कुठलंही उत्तर लिहून झालं की प्रत्येक वाक्याला 'कोण?' विचारा. 'बदलली' – कोण बदलली? 'शिकली' – कोण शिकली? एखादा बीजाणू त्याच्या आयुष्यात बदलला नाही. साधा होता तो साधाच मेला, प्रतिकारक होता तो प्रतिकारकच राहिला. बदललं ते समूहातलं प्रमाण. त्यामुळे उत्क्रांतीच्या वाक्याचा कर्ता नेहमी समूह हवा, आणि क्रियापद वाढणं-घटणं या जातीचं हवं.

मराठीची एक खोड इथे नडते. 'औषधाने बुरशीला प्रतिकारक बनवलं' हे वाक्य कानाला अगदी साधं वाटतं. त्याऐवजी 'औषधाने साधी बुरशी मारली आणि प्रतिकारक बुरशी मागे राहिली' असं लिहा. दोन्ही वाक्यांत औषध आहे, पण पहिल्यात ते कुंभार आहे आणि दुसऱ्यात चाळणी. चाळणी नवं धान्य तयार करत नाही.

तसंच 'साठी' आणि 'म्हणून'. 'जगण्यासाठी बदल केला', 'जिवंत राहता यावं म्हणून प्रथिन बदललं'. मी वहीत हे शब्द लाल पेनाने गोल करतो. हेतू दाखवणारा शब्द बुरशी, जिराफ किंवा निवडुंग यांच्या जोडीला आला की ते वाक्य पुन्हा लिहायचं. 'प्रजाती टिकवण्यासाठी' हा तर सगळ्यांत लाडका चुकीचा शब्दप्रयोग. बीजाणूला प्रजातीची चिंता नसते. साधे बीजाणू मेले त्यांनी प्रजातीसाठी बलिदान दिलं नाही, ते फक्त मेले.

'प्रतिकारशक्ती' हा शब्दही टाळा, 'प्रतिकारक्षमता' लिहा. प्रतिकारशक्ती म्हटलं की परीक्षकाच्या डोळ्यासमोर लस टोचल्यावर एकाच माणसाच्या शरीरात होणारी तयारी येते. ती त्या माणसापुरती असते, पोराबाळांच्या जनुकांत जात नाही. डावणीत ही गोष्ट घडलेलीच नाही.

पायरी चौथी : अनुकूलन शब्द जपून वापरा

अनुकूलन म्हणजे 'जुळवून घेणे', असं बहुतेकांच्या वहीत आहे. मला या भाषांतराचा राग येतो. जुळवून घेतं ते एकटं माणूस, आयुष्यात. नाशिक शहरातून निफाडला राहायला गेलात तर पहिल्या हिवाळ्यात हाडं गोठतात, तिसऱ्या हिवाळ्यात तेवढं वाटत नाही. हे शरीराचं जुळवून घेणं. तुमच्या मुलाला ते जन्मतः मिळणार नाही. उत्क्रांतीतलं अनुकूलन म्हणजे असा आनुवंशिक गुण जो निवडीमुळे समूहात वाढला, कारण त्या परिस्थितीत तो असलेल्यांना जास्त संतती झाली. आपल्या गोष्टीत १४३ व्या जागेवरचं ॲलॅनिन हे फवारलेल्या बागेतलं अनुकूलन आहे.

'फवारलेल्या बागेतलं' हे दोन शब्द सोडू नका, मार्क तिथेच असतात. फिटनेस आणि अनुकूलन दोन्ही परिस्थितीला बांधलेले. समजा औषध बंद केलं आणि औषधाविना प्रतिकारकांची वाढ साध्यांपेक्षा १० टक्क्यांनी कमी आहे. मघाच्या १.६ ला १ वरून निघालो तर दहा पिढ्यांनी प्रतिकारक शंभरात छत्तीसवर येतील. तोच जीव, तेच जनुक. परिस्थिती बदलली आणि हिशोब फिरला. घट सावकाश आहे आणि छत्तीस म्हणजे काही शून्य नव्हे, हेही लक्षात घ्या. औषध पुन्हा सुरू केलं की एका फवारणीत प्रतिकारक पुन्हा नव्वदच्या पुढे. आणि प्रतिकारकांना असा तोटा नसेलच, तर औषध थांबवूनही निवड त्यांना खाली आणणार नाही.

आता तेच उत्तर पुन्हा

त्या मुलीने दुसऱ्यांदा लिहिलेलं, थोडं माझ्या सुधारणेसह:

'औषध वापरण्यापूर्वीच बुरशीच्या समूहात उत्परिवर्तनामुळे काही थोडे प्रतिकारक बीजाणू होते. हा गुण आनुवंशिक होता. फवारणीनंतर साधे बीजाणू बहुतांश मेले, तर प्रतिकारक वाचले व त्यांनी जास्त संतती निर्माण केली, म्हणजे फवारलेल्या बागेत त्यांचा फिटनेस जास्त होता. प्रत्येक फवारणीनंतर समूहातील प्रतिकारकांचे प्रमाण वाढत गेले व औषधाचा परिणाम कमी झाला.'

तिला चारपैकी चार दिले. या उत्तरातही एक 'म्हणजे' आहे आणि 'जास्त' दोनदा आलाय, पण शास्त्राच्या पेपरात तेवढं चालतं. फरक, वारसा, संततीतला फरक या तीन अटी आणि त्यातून होणारा प्रमाणातला बदल: ही साखळी क्रमाने आली की बास. प्रश्न जिवाणूंचा असो, डासांचा असो, नाहीतर जिराफाचा, साखळी हीच. फक्त नावं बदलायची.

दोन प्रश्न जे मुद्दाम फसवायला विचारतात

पहिला: बागायतदाराने कंपनी बदलली तर प्रतिकारक बुरशी मरेल का? डब्यावरचं नाव पाहून उत्तर देऊ नका, औषध काम कुठे करतं ते पाहा. ॲझॉक्सिस्ट्रॉबिन, पायराक्लोस्ट्रोबिन, ट्रायफ्लॉक्सिस्ट्रोबिन ही नावं वेगळी, पण सगळी त्याच खाचेत बसणारी, बुरशीनाशकांच्या गट क्रमांक ११ मधली. एकाला प्रतिकारक असलेला बीजाणू बाकीच्यांनाही सहसा दाद देत नाही. म्हणजे डबा बदलला तरी चाळणी तीच राहिली. मॅन्कोझेबची गोष्ट निराळी. ते बुरशीच्या पेशीत एका नव्हे, अनेक ठिकाणी घाव घालतं. एका अक्षराच्या बदलाने ते चुकवता येत नाही, म्हणून इतकी वर्षं वापरूनही त्याला प्रतिकार होणं अवघड राहिलं आहे.

दुसरा प्रश्न मला जास्त आवडतो: बुरशी बदलते, मग द्राक्षवेल का बदलत नाही? इतकी वर्षं डावणी येतेय, वेलीला नैसर्गिक निवड लागू नाही का? मुलं 'वेलीला माणूस जपतो' एवढंच लिहितात. ते अर्धं उत्तर. थॉम्पसन सीडलेसची बाग बियांपासून नव्हे, डोळे भरून किंवा कलम करून लावतात. एका बागेतल्या सगळ्या वेली जवळजवळ एकाच जनुकसंचाच्या प्रती. फरकच नाही, तर निवडणार कशातून? त्यात आपण ज्या मण्यांना भाव देतो त्यात बीच नाही, म्हणजे वेलीची पुढची पिढी निवडीतून जाण्याचा रस्ताही बंद. जंगलात बिनबियांच्या वेलीचा फिटनेस जवळपास शून्य धरावा लागेल. आपल्या जिल्ह्यात मात्र तिच्या काड्या एकरामागून एकर लावल्या जातात, कारण इथे तिची संतती माणसाची कात्री वाढवते. समोरच्या पानावर मात्र बीजाणूंच्या पिढ्यांवर पिढ्या चाललेल्या असतात, प्रत्येक पिढीत नकलेच्या चुका होत असतात, आणि दर काही दिवसांनी चाळणी फिरत असते.

हे उत्तर ऐकून ती निफाडची मुलगी म्हणाली, "म्हणजे सर, बाबांनी दोन वेगळ्या जातींच्या वेली बियांपासून लावल्या तर?" तर पहिली अट पुरी होईल. बाकीच्या दोन तिने स्वतः वहीत लिहून आणायच्या आहेत.